कोणीही बाद नाही

'बाद' हा शब्द तुम्हांला उर्दूतून चांगला ठाऊक आहे. उर्दूत 'बाद' म्हणजे 'नंतर'. मराठीत मात्र खेळाच्या मैदानावर हा शब्द ऐकू आला, की त्याचा अर्थ वेगळा असतो. 'तू बाद झालास' म्हणजे 'तू आता खेळाबाहेर गेलास. बाजूला जाऊन बस.' या पाठात आपण असे काही खेळ पाहणार आहोत, की ज्यांत कोणालाही बाजूला जाऊन बसावे लागत नाही. तुमच्या शाळेत शनिवारी खेळांचे मंडळ भरत असेल आणि त्याची जबाबदारी नववी-दहावीच्या मुलांकडे असेल, तर ही माहिती तुमच्या उपयोगी पडेल.

प्रथम आपण सर्वांच्या ओळखीचा एक खेळ घेऊ. तो म्हणजे संगीत खुर्ची. वीस मुले आहेत आणि एकोणीस खुर्च्या आहेत, असे समजा. संगीत थांबले, की सर्वजण खुर्ची पकडतात. ज्याला खुर्ची मिळाली नाही, तो बाद. मग एक खुर्ची काढायची आणि पुन्हा संगीत सुरू करायचे. असे एकोणीस डाव झाले, की एक मुलगा किंवा मुलगी जिंकते.

आता थोडा हिशेब करू या. पहिल्या डावात वीस मुले खेळतात, दुसऱ्यात एकोणीस, तिसऱ्यात अठरा आणि शेवटच्या डावात फक्त दोन. या सर्वांची बेरीज २०९ होते. वीसही मुले एकोणीस डाव पूर्ण खेळली असती, तर ही संख्या ३८० झाली असती. म्हणजे जवळजवळ निम्मा खेळ मुलांनी बसून पाहिला. एका डावाला एक मिनिट लागते असे धरले, तर जो पहिल्याच डावात बाद झाला त्याने एक मिनिट खेळायचे आणि अठरा मिनिटे भिंतीला टेकून बसायचे.

आणि हा पहिला बाद होणारा कोण असतो? बहुतेक वेळा तो सर्वांत लहान असतो, किंवा सर्वांत सावकाश पळणारा असतो, किंवा धक्का द्यायला लाजणारा असतो. ज्याला खेळण्याचा सराव सर्वांत कमी, त्यालाच खेळायला सर्वांत कमी मिळते. पुढच्या शनिवारी तो मंडळात आला नाही, तर त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मग यावर उपाय काय? गंमत अशी, की उपाय आपल्या कबड्डीतच दडलेला आहे. पूर्वी हा खेळ तीन प्रकारांनी खेळला जात असे. पहिल्या प्रकाराचे नाव गामिनी. त्यात बाद झालेला खेळाडू बाहेर जाई आणि त्याच्या संघाचे सर्व खेळाडू बाद होईपर्यंत बाहेरच बसून राही. संगीत खुर्ची ही या गामिनीचीच बहीण म्हणायला हवी. दुसरा प्रकार संजीवनी. मेलेल्याला पुन्हा जिवंत करणारी वनस्पती म्हणजे संजीवनी, अशी जुन्या कथांत कल्पना आहे. या प्रकारात विरुद्ध संघाचा एक खेळाडू बाद झाला, की आपला एक बाद खेळाडू पुन्हा मैदानात येतो. आज सामन्यांत जी कबड्डी तुम्ही पाहता, तिच्यात हाच नियम आहे. तिसरा प्रकार अमर. अमर म्हणजे जो कधी मरत नाही तो. या प्रकारात खेळाडू बाद झाला, तरी मैदान सोडत नसे. विरुद्ध संघाला एक गुण मिळे आणि खेळ पुढे चालू राही.

संजीवनी आणि अमर ही दोन नावे लक्षात ठेवा. कोणताही खेळ आपण हाती घेतला, की एकच प्रश्न विचारायचा: येथे चुकलेल्या मुलाला पुन्हा आत आणता येईल का, किंवा त्याला बाहेर न काढता नुसता गुण मोजता येईल का?

आधी सोपा खेळ पाहू. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांत खेळतात. एक मुलगा पुढे उभा राहून हुकूम देतो. 'शिवाजी म्हणतो, हात वर' असे तो म्हणाला, तर सर्वांनी हात वर करायचे. पण तो नुसते 'हात खाली' म्हणाला, तर जागचे हलायचे नाही. जो हलला, तो बाद. या खेळात लक्ष देऊन ऐकावे लागते. दुसरी भाषा शिकणाऱ्यांना तर तो फारच उपयोगी आहे, कारण मराठीतील क्रियापदे कानाला आपोआप सवयीची होतात. पण जो ऐकण्यात कच्चा आहे, तोच पहिल्या मिनिटाला बाहेर जातो. मग त्याने शिकायचे केव्हा?

येथे अमर पद्धत लावा. हुकूम देणाऱ्यापुढे एक वाडगा ठेवा आणि प्रत्येक मुलाच्या हातात पाच-सहा खडे द्या. जो चुकेल त्याने पुढे जाऊन वाडग्यात एक खडा टाकायचा आणि परत आपल्या जागी येऊन उभे राहायचे. हुकूम देणाऱ्याने दहा हुकूम द्यायचे. नंतर वाडग्यातील खडे मोजायचे. तेवढे गुण त्याचे झाले. मग दुसरा मुलगा पुढे येतो. ज्याच्या वाडग्यात सर्वांत जास्त खडे पडले, तो त्या दिवसाचा विजेता.

या बदलाने खेळाची दिशाच फिरते, हे तुमच्या ध्यानात आले असेल. आता चुकणारा हरत नाही, चुकवणारा जिंकतो. चुकीवर सर्वजण हसले, तरी ते हसणे हुकूम देणाऱ्याच्या हुशारीला मिळते. काही मुले चुकल्यावरही खडा टाकणार नाहीत, हे उघड आहे. त्यासाठी मुलांना दोघा-दोघांच्या जोड्यांनी समोरासमोर उभे करा. जोडीदाराच्या डोळ्यांदेखत लबाडी करणे जरा अवघड जाते. एवढे करूनही एखादा खडा लपून राहिला, तर राहू द्या. एका खड्यासाठी भांडत बसलो, तर बाकीची मुले तेवढा वेळ रिकामीच उभी राहतील.

आता संजीवनी पद्धतीचा खेळ पाहू. याचे नाव विष-अमृत. अमृत म्हणजे जे प्यायल्यावर मरण येत नाही असे पेय. उर्दूत तुम्ही ज्याला 'आबे-हयात' म्हणता, तेच हे. काही ठिकाणी मुले या खेळाला 'बर्फ-पाणी' असेही म्हणतात. ज्याच्यावर राज्य आहे त्याने धावून इतरांना शिवायचे आणि 'विष' म्हणायचे. ज्याला शिवले तो जागच्या जागी पुतळ्यासारखा उभा राहतो. दुसऱ्या खेळाडूने येऊन त्याला हात लावला आणि 'अमृत' म्हटले, की तो पुन्हा धावू लागतो. येथे 'राज्य' या शब्दाने फसू नका. मराठी खेळात ज्याच्यावर राज्य येते तो राजा नसतो; सर्वांत जास्त धावपळ त्यालाच करावी लागते!

हा खेळ मुळातच बाद न करणारा आहे, असे वाटते. पण तो नीट आखला नाही, तर फसतो. वीस मुलांमागे एकट्यावरच राज्य दिले, तर तो बिचारा धावून धावून दमतो. तो एकाला पुतळा करतो, तोवर मागे दोघे सुटतात. पाच जणांवर राज्य दिले, तर मिनिटाभरात सगळे मैदान पुतळ्यांनी भरून जाते. वीस मुलांसाठी तिघे ठीक पडतात. त्यांच्या हातात रुमाल द्या, म्हणजे ते दुरून ओळखू येतात. मैदान बास्केटबॉलच्या अर्ध्या मैदानाएवढे असावे. त्याहून मोठे घेतले, तर चपळ मुले कोपऱ्यात जाऊन उभी राहतात आणि त्यांच्याकडे कोणी फिरकतही नाही.

डाव दोन मिनिटांचा ठेवा. दोन मिनिटे झाली, की शिटी वाजवा आणि त्या क्षणी किती पुतळे उभे आहेत ते मोजा. तेवढे गुण त्या तिघांचे. नंतर दुसऱ्या तिघांवर राज्य द्या. सात डावांत वीसही मुलांवर एकदा राज्य येऊन जाते. शेवटच्या डावाला दोघेच उरतात. त्यांच्या मदतीला कोणीतरी एक जण आनंदाने येतो. प्रमाण चुकले आहे की नाही, हे पहिल्याच डावात कळते. शिटीच्या वेळी चार ते आठ पुतळे असतील, तर सारे ठीक आहे. एकही नसेल, तर राज्यावर एक गडी वाढवा. पंधरा असतील, तर एक कमी करा.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, आणि ती नियमापेक्षा महत्त्वाची आहे. मैदानावर एखादी मुलगी पुतळा होऊन उभी असते. तिच्या आजूबाजूने सर्वजण धावतात, पण तिला सोडवायला कोणी येत नाही. प्रत्येकजण आपापल्या मैत्रिणीला सोडवतो. ही मुलगी वर्गात नवी आली असेल किंवा अबोल असेल. नियमाने ती बाद नाही. पण खेळ तिच्यापुरता संपलेलाच आहे. मंडळ चालवणाऱ्याने धावणाऱ्यांकडे न पाहता उभे राहिलेल्यांकडे पाहावे, ते याचसाठी.

यावर दोन छोटे नियम पुरतात. पुतळा झालेल्याने दोन्ही हात वर करून मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजायचे. तोवर कोणी आले नाही, तर तीस म्हणताच त्याने आपण होऊन सुटायचे. मोजण्याचा आवाज ऐकून पुष्कळदा कोणीतरी धावत येतेच. दुसरा नियम असा, की एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा सोडवायचे नाही. त्यामुळे सोडवणाऱ्याला मित्राखेरीज दुसरा कोणीतरी शोधावाच लागतो. राज्य असलेल्या खेळाडूंसाठीही एक अट घाला. पुतळ्याजवळ पहारा देत उभे राहायचे नाही. किमान तीन पावले दूर राहायचे. नाहीतर एकजण पुतळ्यामागे दबा धरून बसतो आणि वाचवायला येणाऱ्यांची शिकार करतो.

आता पुन्हा संगीत खुर्चीकडे वळू. येथे चुकलेल्याला परत आणायचेही नाही आणि गुणही मोजायचे नाहीत. येथे उपाय याहून साधा आहे. खुर्च्या कमी करा. मुले कमी करू नका. कॅनडातील टेरी ऑर्लिक यांचे सहकारी खेळांवरील एक पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात संगीत खुर्चीचा हा बदललेला प्रकार आहे. खुर्च्या कमी होत जातात आणि उरलेल्या खुर्च्यांवर सगळी मुले कशीबशी सामावतात. प्रसंगी ती एकमेकांच्या मांडीवरही बसतात.

आपल्या शाळांत हा खेळ जसाच्या तसा खेळू नये, असे माझे मत आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चार-पाच जण चढले, तर तिचा पाय मोडतो आणि कोणाला तरी लागते. शिवाय मांडीवर बसणे सर्वांना आवडत नाही, आणि मुले-मुली एकत्र असतील तेथे तर ते शोभतही नाही. काहीजण खुर्चीऐवजी वर्तमानपत्राचे कागद पसरतात. पण छापलेल्या कागदावर पाय देणे आपल्यापैकी पुष्कळांना रुचत नाही. त्या कागदावर काय लिहिलेले असेल, हे कोण पाहत बसणार? म्हणून सर्वांत उत्तम साधन म्हणजे खडू.

अर्धा मीटर लांबीची दोरी घ्या. एक टोक जमिनीवर धरून दुसऱ्या टोकाला खडू बांधा आणि वर्तुळ काढा. त्याचा व्यास एक मीटर होईल. वीस मुलांसाठी अशी दहा वर्तुळे काढा. वर्तुळांमध्ये दोन-दोन पावलांचे अंतर ठेवा. संगीताची सोय नसेल, तर थाळी किंवा डफ पुरे. थाळी वाजत असताना सर्वांनी वर्तुळांच्या बाहेरून चालत राहायचे, पळायचे नाही. थाळी थांबली, की दहा आकडे मोजले जातील. तेवढ्यात प्रत्येकाचा एक तरी पाय पूर्णपणे वर्तुळाच्या आत हवा. एका वर्तुळात कितीही जण चालतील. वीसही जण आत असतील, तर सर्वांनी मिळून डाव जिंकला. एक जरी बाहेर राहिला, तरी सर्वांनी मिळून डाव हरला. मग एकही वर्तुळ न पुसता तोच डाव पुन्हा खेळायचा.

पहिल्या डावात दहा वर्तुळे असतात. एका वर्तुळात दोघे आले, की काम झाले. नंतर दोन वर्तुळे ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे आठ राहतील. पुढे सहा, मग पाच, मग चार. येथपर्यंत मजा वाढत जाते. चार वर्तुळांत प्रत्येकी पाच जण येतात आणि मुले एकमेकांना 'इकडे ये, इकडे जागा आहे' असे सांगू लागतात. ज्या खेळात आधी एकमेकांना ढकलायचे होते, त्याच खेळात आता एकमेकांना बोलवावे लागते.

तीन वर्तुळे उरली, की खरी परीक्षा असते. एक मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३.१४ मीटर असतो. सात मुले कडेने उभी राहिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४५ सेंटिमीटर जागा येते. खांद्याला खांदा लागतो, पण उभे राहता येते. दोनच वर्तुळे ठेवली, तर एकेका वर्तुळात दहा जण होतात आणि प्रत्येकाला जेमतेम ३१ सेंटिमीटर मिळतात. एवढ्या जागेत धक्काबुक्की होणारच. म्हणून वीस मुलांचा खेळ तीन वर्तुळांवर थांबवावा. मुलांची संख्या वेगळी असेल, तर संख्येला सातने भागा. भागाकारापेक्षा कमी वर्तुळे ठेवू नका. मुली आणि मुले यांना एका वर्तुळात उभे राहणे अवघड वाटत असेल, तर दोघांची वर्तुळे वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी काढा आणि दोन्हींचा हिशेब वेगळा करा. डाव मात्र सर्वांचा मिळून एकच ठेवा. कुबडी वापरणारा विद्यार्थी असेल, तर त्याची कुबडी आत आली म्हणजे तो आत आला, असे आधीच ठरवा. चाकाच्या खुर्चीचे पुढचे चाक आत आले, तरी चालेल.

या खेळात एक धोका आहे. डाव सर्वांचा असल्यामुळे, जो उशिरा पोचला त्याच्यावर सगळे ओरडतात. 'तुझ्यामुळे आपण हरलो' हे वाक्य ऐकू आले, की समजा खेळ बिघडू लागला आहे. बाद होऊन भिंतीपाशी बसणे परवडले, पण एकोणीस जणांची बोलणी नको, असे त्या मुलाला वाटेल. अशा वेळी ओरडणाऱ्यांना उपदेश करून फारसे काही साधत नाही; खेळ बदलावा. दहाऐवजी पंधरा आकडे मोजा. पुसायची वर्तुळे अशी निवडा, की सावकाश चालणाऱ्याच्या जवळचे वर्तुळ शिल्लक राहील. आत असलेल्यांनी बाहेरच्याला हात देणे चालेल, पण ओढणे चालणार नाही, असे सांगा. कापड किंवा बाही ओढली गेली, की कोणीतरी पडते.

मोठी मुले हमखास विचारतात, 'पण मग जिंकले कोण?' हा प्रश्न चुकीचा नाही, आणि त्यांना गप्प बसवू नये. चुरस नसेल, तर दहावीतल्या मुलांना वर्तुळांचा खेळ पाच मिनिटांत कंटाळवाणा वाटू लागतो. त्यांना घड्याळ द्या. दहापासून तीन वर्तुळांपर्यंत पोचायला गेल्या शनिवारी आठ मिनिटे लागली असतील, तर या शनिवारी सात मिनिटांत जमते का, ते पाहू द्या. मागच्या आकड्याशी लढत असली, की चुरस टिकते आणि हरणारा कोणी समोर उभा नसतो.

आणि बाद करणारे सगळेच खेळ टाकून द्यावेत, असेही नाही. ज्या खेळाचा डाव मिनिटाभरात संपतो आणि लगेच सर्वजण पुन्हा उभे राहतात, त्यात थोडा वेळ बाहेर बसण्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. अडचण होते ती डाव लांबला म्हणजे. एखाद्या खेळाबद्दल शंका वाटली, तर खेळ सुरू झाल्यावर तीन मिनिटांनी घड्याळ पाहा आणि भिंतीपाशी बसलेली मुले मोजा. वीसपैकी दोघे बसले असतील, तर खेळ चालू द्या. सातजण बसले असतील, तर डाव थांबवून सर्वांना आत घ्या आणि नव्याने सुरू करा.

चाळीस मिनिटांच्या तासात हे तिन्ही खेळ बसतात. आधी विष-अमृत घ्या, कारण तेव्हा मुलांच्या अंगात धावण्याचा जोर असतो. सात डावांना मधले बदल धरून अठरा-वीस मिनिटे लागतात. मग पाणी प्यायला दोन मिनिटे द्या. त्यानंतर वर्तुळांचा खेळ घ्या. त्याला दहा मिनिटे पुरतात. शेवटी दम खात उभ्या-उभ्या 'शिवाजी म्हणतो' खेळा. खडे आणि वाडगा तेवढे आधी आणून ठेवा. ऐन वेळी खडे गोळा करायला मुले पांगली, की ती लवकर परत येत नाहीत.